‘तुमच्या भाषेत बोला’ म्हणजे संवाद कोणी लिहिले?

आमच्याकडे शूटिंगला येणाऱ्या मंडळींच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं. ‘स्क्रिप्टचं टेन्शन घेऊ नका, तुमच्या भाषेत बोला.’ वाक्य प्रेमाने उच्चारलेलं असतं, त्यात स्थानिक माणसाचा मान राखल्याचा सूरही असतो. ज्याला हे सांगितलं जातं तो खूश होतो, कारण पाठांतराची कटकट गेली. दिग्दर्शक खूश होतो, कारण आता ‘अस्सल’ काहीतरी मिळणार. माझं म्हणणं असं, की दहापैकी आठ वेळा हे वाक्य म्हणजे न केलेल्या गृहपाठावर घातलेलं पांघरूण असतं. त्यातून सिनेमाचंही नुकसान होतं आणि ते बोलणाऱ्या माणसाचंही.

आधी गाव सांगतो. राजूर म्हटलं की लोकांना अकोल्याचं, म्हणजे नगर जिल्ह्यातलं अकोले, त्या तालुक्यातलं राजूर आठवतं, नाहीतर जालन्याकडचा राजूरचा गणपती. मी बोलतोय ते यवतमाळ जिल्ह्यातलं, वणी तालुक्यातलं राजूर. कोळशाची खाण, चुन्याच्या भट्ट्या, रस्त्यावर धूळ आणि ट्रक. कोळशापायी बाहेरून आलेली माणसं पुष्कळ, त्यामुळे वऱ्हाडीत हिंदी मिसळलेली, मधूनच तेलुगू शब्द. अशा गावात ‘तुमची भाषा’ म्हणजे नेमकी कोणाची, हा प्रश्न मी त्या युनिटला विचारला होता. उत्तर मिळालं, ‘तेच तर हवंय आम्हाला!’

ते युनिट एका लघुपटाचं होतं. नाव सांगत नाही, सांगण्याची गरजही नाही, कारण असाच प्रकार इतर ठिकाणी घडल्याचं मी मित्रांकडून ऐकलेलं आहे. मला ‘भाषेच्या मदतीला’ बोलावलं होतं. एक प्रसंग असा होता: भट्टीवरचा कामगार मुनिमाकडे दोनशे रुपये उचल मागायला येतो. मुनीम मुंबईहून आलेला, नाटकात मुरलेला नट. कामगार आमच्याच गावचे, खाणीतून निवृत्त झालेले एक मामा. सगळं गाव त्यांना मामाच म्हणतं. त्यांनी आयुष्यात कॅमेऱ्यासमोर तोंड उघडलेलं नव्हतं.

कागदावर चार ओळी होत्या. कामगार म्हणतो, ‘दोनशे रुपये उचल हवी होती.’ मुनीम म्हणतो, ‘मागचे दीडशे अजून फिटले नाहीत.’ कामगार म्हणतो, ‘मुलाला ताप आहे.’ मुनीम वहीतून मान वर न करता म्हणतो, ‘ताप सगळ्यांनाच आहे.’ लेखकाने प्रसंग वाईट लिहिला नव्हता. शेवटच्या ओळीत ‘ताप’चे दोन अर्थ एकमेकांवर आदळतात आणि मुनीम कसा माणूस आहे ते तेवढ्यात कळतं. फक्त कामगाराची भाषा पुण्याची होती. ती ‘तुमच्या भाषेत’ होईल, असं गृहीत धरून सगळे वणीला उतरले होते.

पहिला टेक. कॅमेरा लांब, दोघंही चौकटीत. याला मास्टर म्हणतात, म्हणजे सगळा प्रसंग एका दमात टिपायचा आणि मग जवळचे शॉट घ्यायचे. मामा आत आले, गमछा खांद्यावरून काढून हातात धरला आणि म्हणाले, ‘मुनीमजी, पोरगं दोन दिसापासून अंगारावानी तापून रायलं जी.’ खोलीत शांतता पसरली. मुनीम झालेला नटसुद्धा क्षणभर थांबला, मग त्याने ‘ताप सगळ्यांनाच आहे’ म्हटलं आणि ते असं काही लागलं, की दिग्दर्शकाने ‘कट’ म्हणायच्या आधीच कोणीतरी टाळी वाजवली. पण नेमकं त्याच वेळी बाहेरून कोळशाचा ट्रक गेला होता. साउंडवाल्याने हेडफोन काढून मान हलवली.

दिग्दर्शक मामांना म्हणाला, ‘मामा, एक नंबर. पुन्हा तसंच बोला.’

तिथे घोळ सुरू झाला. ‘तसंच’ म्हणजे कसं, हे मामांना ठाऊक नव्हतं. दिग्दर्शकाला नव्हतं आणि कंटिन्युइटी सांभाळणाऱ्या मुलीलाही नव्हतं. तिच्या कागदावर संवादासमोर एवढंच होतं: ‘इम्प्रोव्हाइज्ड, ओके’. वाक्य कोणी लिहून घेतलंच नव्हतं. दुसऱ्या टेकला मामा म्हणाले, ‘पोरगं लय बिमार हाय.’ ताप गेला, आणि मुनिमाचं ‘ताप सगळ्यांनाच आहे’ हवेत लोंबकळलं. तिसऱ्या टेकला मामांनी दोनशेऐवजी तीनशे मागितले, कारण दोनशेत काय होतं आजकाल, असं त्यांना मनापासून वाटलं. पण त्याच पैशांची मोजणी करणारा बायकोचा प्रसंग आदल्या दिवशी शूट झाला होता. त्यात तिच्या हातात शंभराच्या दोन नोटा होत्या.

मग कॅमेरा मुनिमाच्या खांद्यामागे गेला, मामांचा चेहरा जवळून घ्यायला. आता मामांना सवय झाली होती आणि ते रंगात आले होते. मुनिमाचं वाक्य पुरं व्हायच्या आत ते बोलू लागले. समोरासमोर ऐकताना ते फार खरं वाटलं, माणसं भांडताना तशीच बोलतात. संकलकाच्या टेबलावर मात्र तो शॉट निकामी असतो. मामांच्या चेहऱ्यावर मुनिमाचा अर्धा आवाज चढलेला, आणि मुनिमाच्या चेहऱ्याच्या शॉटमध्ये तो आवाज दुसऱ्याच लयीत. एकातून दुसऱ्यात जाताना वाक्य दोनदा ऐकू येतं किंवा मधूनच तुटतं. गमछाही कधी ‘पोरगं’ म्हणताना हातात आला, कधी ‘दवाखाना’ म्हणताना. शेवटी संकलकाने जवळचे सगळे शॉट टाकून दिले आणि तिसरा मास्टर अख्खा ठेवला. तोही ‘तीनशे’ हा शब्द आवाजात कापून. जे मिळावं म्हणून सगळा खटाटोप, तो मामांचा चेहरा पडद्यावर नखाएवढा दिसतो. ‘अंगारावानी’ त्यात नाहीच.

यात इम्प्रोव्हायझेशनचा दोष नव्हता. मामांनी पहिल्या टेकला जे दिलं ते कागदावरच्या ओळीपेक्षा शंभर पटीने सरस होतं. ते कोणी धरून ठेवलं नाही, हा दोष होता. आमच्या नाटकवाल्यांकडे यासाठी जुना शब्द आहे: पदरचं घालणं. नट पदरचं घालतो, त्याला ‘ॲडिशन घेतली’ असंही म्हणतात. रंगभूमीवर ते खपतं, एवढंच नव्हे, कधी कधी नाटक त्यावरच चालतं. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’त दादा कोंडके ताज्या घडामोडींवर पदरचं घालत, ही गोष्ट महाराष्ट्राला माहीत आहे. वगनाट्याची ती रीतच आहे, कथेचा सांगाडा पक्का आणि बतावणी मोकळी. पण तिथे प्रेक्षक समोर असतो. हशा आला तर ॲडिशन राहते, नाही आला तर उद्या जाते. आणि तेच वाक्य त्याच रात्री दुसऱ्या बाजूने पुन्हा म्हणायची वेळ कोणावर येत नाही. सिनेमात एकच वाक्य तीन बाजूंनी, तासभराच्या अंतराने, ट्रक गेल्यामुळे, ढग आल्यामुळे, पुन्हा पुन्हा म्हणावं लागतं. ज्यांना हा फरक कळत नाही ते तमाशाचा दाखला देऊन आपला आळस झाकतात.

मग मोकळीक द्यायची कुठे आणि शब्द धरायचा कुठे? मला वाटतं, नटाला काय वाटतं हा इथे पहिला प्रश्नच नाही. त्या वाक्यावर पुढचं काय टांगलेलं आहे, हे आधी बघायचं. ‘टॅक्सी ड्रायव्हर’मधला आरशासमोरचा प्रसंग सगळे उदाहरणादाखल देतात. पटकथेत तिथे नायक आरशात स्वतःशी बोलतो एवढंच होतं, शब्द रॉबर्ट डी नीरोचे. खरं आहे. पण त्या खोलीत तो एकटा आहे. त्याला उत्तर देणारं कोणी नाही, कोणाचं वाक्य त्याच्या शब्दावर अडलेलं नाही, आकडा नाही, पुढच्या प्रसंगात परत येणारी वस्तू नाही. तिथे पाच टेकमध्ये पाच वेगळ्या गोष्टी बोलला असता तरी संकलकाचं काही बिघडलं नसतं. हा दाखला देऊन मुनिमासमोर उभ्या असलेल्या माणसाला मोकळं सोडणं म्हणजे विहिरीत पोहता येतं म्हणून पुरात उडी मारायला सांगणं आहे.

आमच्या त्या प्रसंगात धरायच्या जागा तीनच होत्या: दोनशेचा आकडा, ‘ताप’ हा शब्द, आणि मुनीम बोलत असताना मामांनी थांबणं. बाकी सगळं मामांचं. हे त्यांना आधी सांगितलं असतं तर त्यांनी सहज पाळलं असतं. ज्या माणसाने खाणीत घंटेवर आणि इशाऱ्यावर तीस वर्षं काम केलं, त्याला ‘या तीन गोष्टी हलवायच्या नाहीत’ हे समजावून सांगायला किती वेळ लागतो? पण त्यांना विश्वासात घेऊन काम समजावण्यापेक्षा त्यांना ‘नैसर्गिक’ ठेवण्यात सगळ्यांना रस होता. जणू नियम कळला तर माणूस बाटतो.

दुसरी गोष्ट क्रमाची. सवयीने मास्टर आधी घेतात, कारण प्रकाशयोजना त्यावर बेतलेली असते आणि मुरलेल्या नटाला त्यात तालीम मिळते. नवख्या माणसाचं उलट असतं. त्याचं सगळ्यात ताजं पहिल्या दोन टेकांत येतं. ते लांबून टिपण्यात काय हशील? त्याचा जवळचा शॉट आधी घ्यायचा, अनुभवी नटाने कॅमेऱ्याबाहेरून स्वच्छ, न चढवता वाक्य द्यायचं. जे आलं ते तिथल्या तिथे वहीत उतरवायचं. मग कॅमेरा फिरवायचा आणि बाकीचे शॉट त्या उतरवलेल्या वाक्याबरहुकूम घ्यायचे. दोन कॅमेरे असतील तर दोघांचे चेहरे एकदमच घेता येतात, मग एकमेकांच्या बोलण्यावर चढलं तरी जुळतं. दोन कॅमेरे परवडत नसतील तर दोन कॅमेऱ्यांची मोकळीक द्यायची नाही. आणि ट्रक गेलाच, तर कॅमेरा बंद करून लगेच नुसता आवाज घ्यायचा, माणसाच्या जिभेवर ते वाक्य गरम असताना. यातलं काहीही महाग नाही. एक वही आणि पाच मिनिटं.

आता एक आक्षेप येणार, तो मला माहीत आहे: शब्द बांधले की नवखा माणूस पोपटासारखा बोलतो, जीव जातो. हा आक्षेप अर्धा खरा आहे. मामांना ‘मला उचल हवी होती’ म्हणायला लावलं असतं तर ते पोपट झालेच असते. पण त्याचं कारण शब्द बांधणं नाही, चुकीचे शब्द बांधणं आहे. राजुरात ‘हवी होती’ कोणी म्हणत नाही, ‘पाह्यजे होती’ म्हणतात. जे वाक्य त्या तोंडाचं नाही ते घट्ट धरा किंवा सैल सोडा, ते परकंच राहणार.

याचा पुरावा आपल्याच सिनेमात आहे. चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ बघा. 2014चा, व्हेनिसला गाजलेला, त्या वर्षीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. त्यात बहुतेक माणसं पूर्वी पडद्यावर न आलेली. नारायण कांबळे झालेले वीरा साथीदार आमच्या नागपूरचे कार्यकर्ते, नट नव्हेत. कॅमेरा हलत नाही, शॉट लांबलचक, आणि बघणाऱ्याला वाटतं, खऱ्या कोर्टात कोणीतरी कॅमेरा विसरून गेलंय. इतकं सैल दिसणारं ते काम प्रत्यक्षात किती आवळलेलं होतं! एकेका शॉटचे तीस-चाळीस टेक घेतल्याचं दिग्दर्शकाने मुलाखतींत सांगितलं आहे. शॉट लांब आणि अचल असला की चुकीचा शब्द कापून काढायला जागाच नसते, म्हणून अख्खा प्रसंगच पुन्हा. तरी त्यातला जीव गेला का?

‘कोर्ट’मधली एक गोष्ट मला या विषयाबाबत फार बोलकी वाटते. साक्षीदार आपल्या भाषेत सांगतो. मग न्यायाधीश ते आपल्या शब्दांत, इंग्रजीत, टंकलेखकाला सांगतो आणि तेवढंच नोंदीत राहतं. गटारात उतरणाऱ्या नवऱ्याबद्दल त्याची बायको सांगते, तो आधी झुरळं बाहेर येतात का ते बघायचा, मग उतरायचा. तिचं ते बोलणं आणि कागदावर चढणारं वाक्य यांतलं अंतर म्हणजे तो सिनेमा. तिथे शब्द सैल ठेवून चाललंच नसतं. कलम, तारीख, जबाब, नोंद, यांत शब्द इकडचा तिकडे झाला की खटला बदलतो. कायद्याची भाषा, हिशोबाची भाषा, पूजेचे मंत्र, दवाखान्यातली चिठ्ठी, या जागी पटकथा घट्ट धरायची, कारण आयुष्यातही माणसं तिथे इम्प्रोव्हाइज करत नाहीत.

विनोदही त्याच यादीत घाला. वऱ्हाडी माणसाला वाक्याला शेपूट लावायची खोड आहे: ‘ना जी’, ‘बे’, ‘बापा’, ‘पाय ना’. बोलण्यात ती गोड लागते. पण हशाचा शब्द वाक्याच्या टोकावर असेल आणि त्याच्यामागून ‘ना जी’ आलं, की हसणाऱ्याचा श्वास अडतो. संकलक ती शेपूट कापायला जातो तर ओठ हलताना दिसतात. गंमत म्हणजे हीच शेपूट मामांच्या वाक्यात, ‘तापून रायलं जी’त, सगळा केविलवाणेपणा घेऊन आली होती. म्हणजे शेपूट वाईट नाही. ती कुठे ठेवायची आणि कुठे नाही, हे कोणीतरी ठरवायला हवं, आणि ते ठरवणं म्हणजेच लिहिणं.

सुचण्याची खरी जागा तालीम आहे. यात माईक लीसारखा दुसरा माणूस नाही. तो कागदाशिवाय सुरू करतो, नटांबरोबर कित्येक महिने पात्रं घडवतो. ‘व्हेरा ड्रेक’च्या वेळी कुटुंबातल्या नटांना व्हेरा गुपचूप गर्भपात करून देते हे सांगितलंच नव्हतं. तालमीतल्या इम्प्रोव्हायझेशनमध्ये पोलिसांनी दार ठोठावलं तेव्हा त्यांना कळलं. पण शूटिंगपर्यंत सगळं पक्कं झालेलं असतं, मग कॅमेऱ्यासमोर कोणी वाटेल ते बोलत नाही. धक्का तालमीत खर्ची घातला आणि त्यातून आलेला शब्द पडद्यासाठी जपला. आमच्याकडे उलट. तालमीला पैसे नाहीत म्हणून धक्का सेटवर.

आणि आता मुद्दा, ज्यासाठी खरं तर मी हे लिहायला बसलो. त्या लघुपटाच्या शेवटी नामावली येते. संवाद: मुंबईच्या लेखकाचं नाव. मामांचं नाव ‘कलाकार’ म्हणून सातव्या क्रमांकावर. माझं ‘विशेष आभार’मध्ये, त्यात माझी तक्रार नाही, मी दोन दिवस चहाच पीत होतो. पण कामगाराच्या तोंडचं एकही वाक्य त्या लेखकाचं उरलेलं नाही. एकही नाही. मामांना मिळाली दोन दिवसांची हजेरी, ती नटाची. लिहिण्याची मजुरी कुठे आहे?

‘अहो, ते तर नुसतं बोलले,’ असं मला सांगण्यात आलं. बरं. रिचर्ड लिंकलेटरच्या ‘बिफोर सनराइज’ला 1995 साली पटकथेचं श्रेय लिंकलेटर आणि किम क्रिझान यांना होतं. इथन हॉक आणि ज्युली डेल्पी यांनी आपापल्या बोलण्यावर भरपूर काम केलं होतं, नाव नव्हतं. 2004च्या ‘बिफोर सनसेट’ला दोघांची नावं पटकथेत आली. तो सिनेमा बघून लोकांना वाटतं, दोघं पॅरिसात फिरता फिरता सुचेल ते बोलतायत. प्रत्यक्षात वाक्यन् वाक्य आधी लिहिलेलं. म्हणजे जिथे नटाने दिलेला शब्द लेखन मानला, तिथे तो कागदावर आला, घट्ट धरला गेला आणि त्याला नावही मिळालं. या तिन्ही गोष्टी एकमेकींना धरून येतात. ‘सैराट’चे संवाद भरत मंजुळे यांच्या नावावर आहेत, करमाळ्याकडच्या बोलीचे. त्या बोलीला लेखक आहे, असं तिथे कोणीतरी मान्य केलं. आमच्या बोलीला मात्र लेखक लागत नाही, ती म्हणे झाडाला लागते, येऊन तोडून न्यायची.

म्हणून कोणी पुन्हा राजुरात आलं आणि ‘तुमच्या भाषेत बोला’ म्हणालं, तर मी आधी विचारणार आहे की तालमीचे दिवस किती ठेवलेत आणि त्या दिवसांची हजेरी देणार का. तालमीत आलेली वाक्यं उतरवून घ्यायला कोण बसणार. त्यातली पडद्यावर राहिली तर नामावलीत ‘संवाद’च्या ओळीत लेखकाशेजारी कोणाचं नाव जाणार. हे सगळं आधी, कागदावर, सहीनिशी. दिग्दर्शकांना हे जाचक वाटेल. त्यांनी मग घरून नीट लिहून आणावं, आम्ही पाठ करू. आमच्या लोकांना पाठांतर जड जात नाही, अख्खी भजनं पाठ असतात.

लघुपट तयार झाल्यावर मी मामांना मोबाइलवर दाखवला. त्यांनी चष्मा पुसून, डोळ्याजवळ धरून दोनदा पाहिला. मग विचारलं, ‘मी त अंगारावानी म्हनलो होतो ना? ते कुठी गेलं?’